हस्तलिखित कार्डांवरून संगणकीय नोंदी: एका कार्डावर पाच दाखल क्रमांक असतील तर काय करायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा कॅटलॉग अजून लाकडी खणांतल्या कार्डांवर आहे. साधारण अकरा हजार कार्डं आहेत. जुनी टाकाने लिहिलेली, मधली शाईपेनाची आणि शेवटची बॉलपेनची. कार्यकारिणीने ठरवलंय की हे सगळं संगणकावर घ्यायचं. सुरुवातीला तीनच रकाने हवेत: लेखक, शीर्षक, दाखल क्रमांक. कॉलेजची सहा मुलं-मुली शनिवार-रविवारी यायला तयार आहेत.

काम सोपं वाटलं होतं, पण पहिल्याच खणात प्रश्न उभा राहिला. नमुन्यासाठी एक कार्ड जसंच्या तसं उतरवते.

वर शाईने: आपटे, ह. ना.
त्याखाली: पण लक्षांत कोण घेतो?
डाव्या कोपऱ्यात: का. ११२
तळाशी, वेगवेगळ्या हातांनी आणि वेगवेगळ्या शायांनी: ८४७, १२०३–०४, ३३१९, दे ५६
यातल्या '०४'वर लाल रेघ आहे आणि बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, ते पुसट झालंय.

आता 'दाखल क्रमांक' या एका रकान्यात काय टाकायचं? पहिला? सगळे? लाल रेघेचा घ्यायचा की सोडायचा? आणि 'दे' म्हणजे काय? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा. मुलांना एकदा सांगितलं की तीच पद्धत अकरा हजार कार्डांना लागणार आहे.

---

सेमीकोलन

ताई, सोपं आहे. एका कार्डाला एक ओळ. दाखल क्रमांकाच्या रकान्यात सगळे आकडे स्वल्पविराम देऊन लिहा: `847, 1203, 1204, 3319`. नंतर एक्सेलमध्ये Text to Columns केलं की वेगळे होतात. टायपिंगचा वेळ वाचतो. मुलांना डोकं लावायला लागलं की वेग मरतो.

आणि खरं तर टायपिंग तरी कशाला? कार्डांचे फोटो काढा आणि ओसीआरमधून काढून घ्या. टेसरॅक्टला मराठी येतं, फुकट आहे.

---

रानजाई

मी घरच्या पुस्तकांसाठी फोनवरचं एक ॲप वापरते. मागच्या बारकोडवर कॅमेरा धरला की नाव, लेखक, मुखपृष्ठ सगळं आपोआप येतं. माझी चारशे पुस्तकं आठवड्यात झाली. तुम्हीही तेच करा ना, कार्डं बघायचीच गरज नाही.

---

कृष्णाकाठ

रानजाई, धन्यवाद. पण आमच्या निम्म्याहून जास्त पुस्तकांवर आयएसबीएन नाहीच, ती त्याच्या आधीची आहेत. आणि दाखल क्रमांक तर आमच्या वाचनालयाचाच असतो, तो बाहेरच्या कुठल्या यादीतून मिळणार नाही.

सेमीकोलन, टेसरॅक्ट करून पाहिलं. एका खणात टाइपरायटरवर केलेली कार्डं आहेत, तिथे बरंचसं जमलं. हातच्या अक्षराला मात्र अर्थ लागेल असं काही येत नाही.

---

दाखलनोंद

कृष्णाकाठ, मी एका जिल्हा ग्रंथालयात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. असंच काम दोन ग्रंथालयांत उभं करून दिलं आहे. जरा सविस्तर लिहितो.

कार्ड हे पुस्तकाच्या शीर्षकाचं असतं. दाखल क्रमांक मात्र कपाटातल्या एकेका प्रतीचा असतो. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असल्या तर कार्ड एक आणि क्रमांक पाच. जुने ग्रंथपाल नवी प्रत आली की नवं कार्ड करत नसत, जुन्याच कार्डाच्या तळाशी क्रमांक वाढवत. म्हणून तुम्हाला वेगवेगळे हात आणि वेगवेगळ्या शाया दिसतात.

सेमीकोलन म्हणतात तसे क्रमांक स्वल्पविरामाने एकत्र लिहिता येतील, पण मग प्रत्येक प्रतीबद्दल वेगळं काही नोंदवायला जागाच राहत नाही. १२०४ गहाळ आहे ही गोष्ट कुठे लिहाल? ३३१९ वेगळ्या आवृत्तीची आहे ही कुठे? दोन तक्ते करा. पहिल्यात एका शीर्षकाला एक ओळ, दुसऱ्यात एका प्रतीला एक ओळ, आणि दोन्ही जोडायला एक नोंद क्रमांक.

तुमच्या कार्डाचा प्रतींचा तक्ता असा दिसेल:

```
nond,malika,dakhal,sthiti
N0412,M,847,
N0412,M,1203,
N0412,M,1204,tapasa
N0412,M,3319,
N0412,D,56,
```

'१२०३–०४' ही जोडी उलगडून दोन ओळी केल्या आहेत. 'दे' म्हणजे बहुधा देणगी. कित्येक वाचनालयांत देणगीच्या पुस्तकांची वेगळी वही असे आणि तिचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत. बालविभागाचंही तसंच. म्हणजे तुमच्याकडे साधा ५६, 'दे ५६' आणि कदाचित 'बा ५६' अशी तीन निरनिराळी पुस्तकं असू शकतात. मालिकेचा रकाना वेगळा ठेवला नाही तर ती तिन्ही एकमेकांवर बसतील.

लाल रेघेचा क्रमांक सोडू नका. बाद किंवा गहाळ प्रतीचाही क्रमांक लिहायचा आणि पुढे तशी स्थिती नोंदवायची. नाहीतर उद्या यादी क्रमाने लावल्यावर १२०४ची जागा रिकामी दिसेल आणि ती प्रत गहाळ आहे की टाइप करायचीच राहिली हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता मुख्य प्रश्न. तुमच्याकडे दाखल रजिस्टर आहे का? असेल तर ते कितव्या क्रमांकापासून आहे?

---

सेमीकोलन

काका, दोन तक्त्यांचं पटलं. स्थितीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी एक म्हणेन, मुलांना दोन तक्त्यांत टाइप करायला लावलं तर नोंद क्रमांक जुळवताना घोळ होईल. एकाच तक्त्यात टाइप करू द्या, शीर्षक पुन्हा पुन्हा आलं तरी चालेल. नंतर आपण वेगळं करू.

---

दाखलनोंद

हे चालेल. पण लेखक-शीर्षक पुन्हा टाइप न करता वरच्या ओळीतून खाली ओढून घ्यायला सांगा. पाच वेळा हाताने टाइप केलेलं एकच नाव पाच प्रकारे लिहिलं जातं.

---

कृष्णाकाठ

काका, रजिस्टरं आहेत. मुख्य तीन वह्या आणि देणगीची एक. मुख्यपैकी पहिलीची सुरुवातीची काही पानं कसरीने खाल्लीत, ती साधारण १२०व्या क्रमांकापासून वाचता येते. 'दे' म्हणजे देणगीच, वहीत बघितलं.

तुम्ही विचारलंत म्हणून त्या कार्डाचे सगळे क्रमांक रजिस्टरमध्ये काढून पाहिले:

८४७: दाखल १९३८. प्रकाशकाचं नाव आहे.
१२०३ आणि १२०४: दाखल १९४६, प्रकाशक तोच. १२०४च्या शेऱ्यात 'गहाळ' असं लिहून सही आहे.
३३१९: दाखल १९७१. प्रकाशक वेगळा, पानांची संख्याही वेगळी.
दे ५६: देणगीदाराचं नाव आणि पुस्तकाचं नाव, बाकी काही नाही.

म्हणजे कार्ड एक असलं तरी पुस्तक एकच नाही, बरोबर?

---

दाखलनोंद

अगदी बरोबर. ३३१९ वेगळ्या प्रकाशकाची, वेगळ्या आवृत्तीची प्रत आहे, तिला वेगळी नोंद लागेल. १२०३ आणि १२०४ पहिल्यासारख्याच वाटतात, पण रजिस्टरमध्ये आवृत्ती लिहिली नसेल तर खात्री पुस्तक हातात घेतल्यावरच होईल. 'दे ५६'बद्दल रजिस्टरही मुकं आहे, ते कपाटातून काढूनच बघावं लागेल. म्हणून स्थितीच्या रकान्यात 'tapasa' लिहून पुढे जा. असे सगळे 'तपासा' नंतर एकदम काढून कपाटांपाशी एक फेरी मारायची. टाइप करता करता प्रत्येक वेळी उठायला लागलात तर काम कधीच संपणार नाही.

---

मार्क२४५

इंदूरहून. इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पुढे ही यादी कोहात किंवा ई-ग्रंथालयात न्यायची असेल, तर टाइप करायला बसण्याआधीच काही गोष्टी ठरवा.

दाखल क्रमांकाचा रकाना सुरुवातीलाच Text करून ठेवा. एक्सेलला `3-12` दिसलं की ते त्याची तारीख करून टाकतं, आणि एकदा तारीख झाली की मूळ आकडा परत मिळत नाही.

या रकान्यात आकडे इंग्रजीच टाइप करा. आपल्याला `३३१९` आणि `3319` एकच, पण संगणकाला त्या दोन वेगळ्या अक्षरमाला आहेत. निम्म्या मुलांनी देवनागरी आकडे टाइप केले तर क्रम लागणार नाही आणि दुबार क्रमांकही सापडणार नाहीत. शीर्षकात मात्र छापलेले असतील तसेच ठेवा.

फाइल जतन करताना `CSV UTF-8` निवडा. साधं CSV निवडलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

कोहात आयात करताना तुमचं कार्ड साधारण असं दिसेल:

```
=100  1\$aआपटे, हरि नारायण,$d1864-1919
=245  10$aपण लक्षांत कोण घेतो? /$cहरि नारायण आपटे
=246  3\$aपण लक्षात कोण घेतो?
=952  \\$pM-847
=952  \\$pM-1203
=952  \\$pM-1204$11
=952  \\$pD-56
```

प्रत्येक प्रतीला एक `952`. `$p` हा बारकोडचा रकाना, बहुतेक जण दाखल क्रमांक तिथेच घालतात. १२०४च्या पुढचं `$1` म्हणजे गहाळ. `$p` दुबार चालत नाही. तोच क्रमांक आधी आत असेल तर कोहा ती प्रत घेत नाही आणि अहवालात तसं सांगतं. म्हणून D आणि M हे उपसर्ग महत्त्वाचे, ते नसतील तर साधा ५६ आणि देणगीचा ५६ यांतला एक बाहेर राहील.

३३१९ इथे नाही, ती वेगळ्या नोंदीत जाईल.

---

अनुस्वार

मार्क२४५ यांनी जाता जाता एक मोठा निर्णय घेऊन टाकला आहे, त्यावर बोलायला हवं. कार्डावर 'लक्षांत' आहे, त्यांनी `245`मध्ये तेच ठेवलं आणि `246`मध्ये 'लक्षात' घातलं. मला हे शंभर टक्के मान्य आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव', 'पुस्तकें' असंच छापलेलं असतं. तो त्या पुस्तकाचा पुरावा आहे. ते 'सुधारून' लिहायचा अधिकार यादी करणाऱ्याला नाही.

---

सेमीकोलन

पण शोधणारा वाचक 'काही' असंच टाइप करणार ना? त्याला पुस्तक सापडलंच नाही तर पुरावा जपून काय उपयोग? माझं मत: थेट आजच्या लेखनाप्रमाणे लिहा, विषय संपला. सहा मुलं, अकरा हजार कार्डं, प्रत्येकाला दोन शीर्षकं लिहीत बसायचं का?

---

दाखलनोंद

प्रत्येकाला नाही. जिथे जुनं लेखन आहे तिथेच. त्यातही मुलांनी फक्त कार्डावरचं उतरवायचं, दुसरं शीर्षक नंतर एका माणसाने भरायचं. उतरवणारा आणि ठरवणारा वेगळा ठेवा. मुलांना 'चूक दिसली तर दुरुस्त करा' असं सांगितलंत की कोणी अनुस्वार काढेल, कोणी ऱ्हस्वाचा दीर्घ करेल, आणि कार्डावर नेमकं काय होतं हे कायमचं हरवेल.

लेखकाचंही तेच. एक रकाना 'कार्डावरचं नाव': `आपटे, ह. ना.` दुसरा 'प्रमाण नाव', तो सुरुवातीला रिकामा. सगळं झाल्यावर कार्डावरच्या नावांची एक यादी काढा. त्यात `आपटे, ह. ना.`, `आपटे, ह.ना.`, `आपटे ह. ना.`, `आपटे, हरि नारायण` हे सगळे एकाखाली एक येतील. तेव्हा एकाच बैठकीत सगळ्यांपुढे एकच प्रमाण नाव लिहिता येतं.

मात्र 'आद्याक्षरं जुळली म्हणजे माणूस एकच' असं धरू नका. आपल्याकडे एकाच आडनावाचे आणि त्याच आद्याक्षरांचे दोन लेखक सर्रास सापडतात. शंका असेल तिथे विषय आणि प्रकाशनवर्ष बघा, तरीही कळलं नाही तर वेगळेच ठेवा. दोन नावं नंतर एक करणं सोपं असतं. एक केलेली परत वेगळी करणं फार कठीण.

---

अनुस्वार

टोपणनावांचं काय? मालतीबाई बेडेकरांनी 'विभावरी शिरूरकर' या नावाने लिहिलं, आणि लग्नाआधीचं त्यांचं नाव बाळूताई खरे. तिन्ही नावांची पुस्तकं एका वाचनालयात असू शकतात. मला वाटतं, सगळी मालतीबाईंच्या नावाखाली आणावीत. नाहीतर एका लेखिकेचं काम तीन खणांत विखुरतं.

---

मार्क२४५

माझा अनुभव उलटा. वाचक 'शिरूरकर' म्हणूनच मागतो. शीर्षकपृष्ठावर जे नाव तेच मुख्य ठेवावं आणि बाकीच्या नावांवरून 'पाहा'ची सूचना द्यावी. शिरवाडकरांच्या बाबतीत तर कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने, ही दोन नावं स्वतंत्रच ठेवून एकमेकांकडे बोट दाखवणारी करतात. कोहात त्यासाठी प्राधिकृत नावांची वेगळी फाइल असते. साध्या एक्सेलमध्ये 'इतर नावं' असा एक रकाना ठेवलात तरी काम भागेल.

---

अनुस्वार

पण मग अभ्यासकाला सगळं एकत्र कुठे दिसणार? 'पाहा'च्या सूचना कोणी वाचत नाही. मला अजून पटलेलं नाही.

---

आयर्विन

सांगलीहून. आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे, पण इथल्या जाणकारांना विचारतो. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात एका वाचनालयाचे खालचे खण भिजले. कार्डं वाळवली, चिकटलेली सोडवली. पण निळ्या शाईने लिहिलेली बरीच धुऊन निघाली आहेत, फिकट निळसर छटा तेवढी उरली आहे. बॉलपेनची कार्डं शाबूत आहेत. यांतून काही वाचता येईल का?

---

मार्क२४५

येतं, सगळ्यांतून नाही पण बऱ्याचशांतून. कार्ड सपाट ठेवून, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडेल असा रंगीत फोटो काढा. तो जिंपमध्ये उघडून `Colors → Components → Extract Component` मध्ये `RGB Red` निवडा. निळी शाई लाल उजेड शोषून घेते, त्यामुळे फक्त लाल भागाच्या चित्रात ती काळपट दिसते आणि पिवळट पडलेला कागद उजळ राहतो. मग `Levels` वापरून फरक वाढवा. डोळ्यांना दिसत नव्हते असे आकडे या पद्धतीने वाचता आलेले मी पाहिले आहेत.

जुनी शाई तपकिरी पडली असेल तर उलट करा, `RGB Blue` घ्या. तपकिरी रंग निळा उजेड शोषतो.

मात्र फोटो राखाडी रंगात काढला असेल किंवा फोनने 'डॉक्युमेंट' मोडमध्ये तो काळा-पांढरा करून टाकला असेल, तर काहीच करता येत नाही.

---

आयर्विन

एका कार्डावर करून पाहिलं. शीर्षक अजूनही धूसरच आहे, पण तळाचा क्रमांक सापडला. आता रजिस्टरमध्ये तो क्रमांक काढला की शीर्षक तिथून मिळेल. खूप आभार.

---

दाखलनोंद

आयर्विन, हीच वाट धरा. क्रमांक वाचता आला तर कार्डाचं बाकी काही गेलं तरी चालतं. उलट, शीर्षक वाचता आलं आणि क्रमांक गेला तर रजिस्टरची पानंच्या पानं चाळावी लागतात. म्हणून फोटोच्या वेळी तळाच्या ओळीवर लक्ष द्या, ती पुष्कळदा सळईच्या भोकाजवळ असते आणि बोटाखाली झाकली जाते.

---

कृष्णाकाठ

मंडळी, इथे सुचवलेल्या पद्धतीने दोन खण झाले. आधी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढला, कारण मागेही टिपा आहेत. फोटोला नाव दिलं खण आणि क्रमाचं, `K03_0142.jpg` असं, आणि तेच नाव तक्त्याच्या ओळीत. टाइप फोटोवरून करतोय, त्यामुळे कार्डं खणातून हलत नाहीत आणि मुलांना घरूनही काम करता येतं.

आता क्रमांकांचा प्रश्न. दुबार शोधण्यासाठी `=COUNTIF(C:C,C2)` लावलं तर `M-3391` दोनदा आलं. फोटो पाहिले. एक खरंच ३३९१ आहे, दुसरं म्हणजे आपलं ते आपट्यांचं कार्ड, ३३१९. त्या लिहिणाऱ्याचा १ वरून इतका वळलेला आहे की तो ९ वाटतो, आणि ९चा गोल अर्धवट सोडलेला. रजिस्टरमुळे निकाल लागला. पण दुसरं कार्ड अजून टाइप झालं नसतं तर हे कळलंच नसतं. अशी चूक पकडायचा आणखी काही मार्ग आहे का?

---

दाखलनोंद

आहे. दाखल क्रमांक काळाच्या क्रमाने दिलेले असतात, त्याचा फायदा घ्या.

संपूर्ण रजिस्टर टाइप करू नका. प्रत्येक पानावरचा फक्त पहिला क्रमांक आणि त्याचं वर्ष एका छोट्या तक्त्यात घ्या. तीन वह्यांची दोन-अडीचशे पानं असतील, एका दुपारचं काम आहे. त्यावरून कुठलाही दाखल क्रमांक साधारण कोणत्या वर्षीचा हे काढता येतं. मग कार्डावर प्रकाशनवर्ष असेल तर तेही घ्या. पुस्तक छापलं जाण्याआधी वाचनालयात दाखल होऊ शकत नाही. तसं दिसलं की दोनपैकी एक आकडा नक्की चुकीचा वाचलाय.

समजा, १९४० साली छापलेल्या पुस्तकापुढे १४७ आलं, आणि १४७ तुमच्या रजिस्टरमध्ये १९३१चं. मग तो बहुतेक ९४७ असणार.

एक सांभाळा: जुन्या पुस्तकांवर वर्ष शकात असतं. शके १८१५ म्हणजे १८९३ किंवा १८९४. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, जानेवारी ते मार्चमधलं असेल तर एकोणऐंशी. कार्डावर नुसतं '१८१५' असेल तर ते शक आहे की इसवी हे सांगता येत नाही, ते 'तपासा'त टाका.

---

सेमीकोलन

काकांचं सूत्रात बसवून देतो. पानांचा तक्ता `Pane` नावाच्या शीटमध्ये, A मध्ये पानावरचा पहिला क्रमांक, B मध्ये वर्ष. मुख्य तक्त्यात उपसर्ग नसलेला आकडा D मध्ये आणि प्रकाशनवर्ष E मध्ये आहे असं धरलंय:

```
=IF(E2="","",IF(E2>VLOOKUP(VALUE(D2),Pane!A:B,2,TRUE),"तपासा",""))
```

शेवटच्या `TRUE`मुळे नेमका आकडा नसला तरी त्याच्या आधीचं पान सापडतं. A चढत्या क्रमाने लावलेला हवा, नाहीतर उत्तर चुकीचं येईल आणि चुकीचं आहे हे कळणारही नाही. पान मधेच वर्ष ओलांडत असेल तर पुढचं वर्ष B मध्ये लिहा. हे फक्त M मालिकेच्या ओळींना लावा, देणगीच्या वहीसाठी दुसरी शीट.

---

दाखलनोंद

छान. याची मर्यादाही सांगून ठेवतो. ३३१९ आणि ३३९१ एकाच वर्षातले असतील तर ही चाचणी त्यांना पकडणार नाही. तिथे उपाय एकच: फक्त दाखल क्रमांकाचा रकाना दोन मुलांनी एकमेकांचं न बघता स्वतंत्रपणे टाइप करायचा आणि जिथे फरक पडेल ती कार्डं तिसऱ्याने बघायची. लेखक-शीर्षकाला दुबार टाइप करायची गरज नाही, त्यातली चूक वाचताना दिसते. आकड्यातली दिसत नाही.

---

मार्क२४५

नावांची यादी काढाल तेव्हा एक छुपी अडचण येईल, आत्ताच सांगतो. 'कऱ्हाडकर' हे आडनाव यादीत दोनदा दिसेल, हुबेहूब सारखं, तरी वेगळं. ऱ्ह हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं, कळफलकानुसार आतली अक्षरं बदलतात: कधी `ऱ` + `्`, कधी `र` + `्` + न दिसणारा जोडणारा. 'ॲ'चंही तसंच, एक अखंड अक्षर आणि दुसरं `अ`ला चंद्र लावून केलेलं. मुलांना सगळ्यांना एकच कळफलक द्या. आणि जे झालंय त्यावर शोधा-बदला चालवून एकच रूप करून घ्या. तुमच्या भागात कऱ्हाड असल्यामुळे हे हमखास लागणार.

---

कृष्णाकाठ

लागलंच आहे. आत्ताच यादी उघडून पाहिली, कऱ्हाडला प्रकाशित झालेली पुस्तकं दोन ढिगांत दिसतायत. आज बदलून घेते.

दुबार टाइपाचं मुलांशी बोलले, चौघं तयार आहेत. रजिस्टरच्या पानांचा तक्ता आमचे निवृत्त लेखनिक करून देतायत, त्यांना ते हस्ताक्षर ओळखीचं आहे. '१२०४'पुढची पुसट पेन्सिलीची नोंदही त्यांनीच लावली, 'गहाळ, पावती केली' असं आहे.

आवृत्तींबद्दल एक विचारायचं राहिलं. कार्डावर एकच शीर्षक, तळाशी सात क्रमांक, आणि रजिस्टरमध्ये प्रकाशकाचा रकाना रिकामा, अशी कार्डं बरीच निघतायत. प्रत्येकासाठी कपाटात जायचं की तूर्त एकच नोंद ठेवून सगळ्या प्रती तिला जोडायच्या?

---

दाखलनोंद

तूर्त एकच नोंद, पण प्रत्येक प्रतीपुढे 'तपासा'. वार्षिक मोजणीला पुस्तकं तशीही हातात घ्यावी लागतात. त्या वेळी यादी सोबत ठेवून प्रकाशक आणि वर्ष भरून घ्या.

---

मार्क२४५

माझं मत थोडं वेगळं. कादंबऱ्यांना हे ठीक. पण कोश, व्याकरण, कायदा अशा विषयांत आवृत्ती बदलली की पुस्तकच बदलतं, आणि वाचकाला १९५०ची प्रत देऊन चालत नाही. ती कपाटं आधी करा, कादंबऱ्या मोजणीपर्यंत थांबू देत.

---

कृष्णाकाठ

संदर्भ विभागाची तीनच कपाटं आहेत, ती या रविवारी घेतो. देणगीच्या वहीचं काय निघतंय ते नंतर इथेच लिहीन. त्यात 'दे' नसलेले पण देणगीचे वाटणारे काही क्रमांक दिसतायत, ते अजून उलगडलेले नाहीत.